फासा, पत्ते आणि हातचा

दुसरी-तिसरीतल्या एखाद्या मुलाला ‘आठ आणि पाच किती?’ असे विचारा. उत्तर काय येते ते नंतर बघू. आधी त्याच्या ओठांकडे आणि बोटांकडे लक्ष द्या. एखादे मूल एकपासून सुरू करून आठ मोजते, त्यावर आणखी पाच मोजते आणि तेरावर पोचते. दुसरे आठ मनात धरते आणि ‘नऊ, दहा, अकरा, बारा, तेरा’ म्हणत बोटे मुडपते. तिसरे ‘बारा’ म्हणते. त्याने पुढे मोजायला सुरुवात केली ती आठपासूनच, म्हणून एक कमी आला. चौथे मूल पाचातले दोन आठला देऊन दहा करते, उरलेले तीन त्यावर ठेवते आणि तेरा म्हणून मोकळे होते.

शाळेच्या वहीत या चौघांपैकी तिघांना बरोबरची खूण मिळते. पण पहिल्याला तेरा पावले चालावी लागली आणि चौथ्याला दोन. ज्या मुलांना गणिताची धास्ती असते त्यांतली बरीचशी या पहिल्या किंवा दुसऱ्या पायरीवर अडकलेली असतात. त्यांची बुद्धी मंद नसते, त्यांची वाट लांबची असते. अशा मुलाला आपण ‘पटकन सांग’ म्हणतो, तेव्हा ते तीच लांबची वाट धावत कापते आणि मध्येच अडखळते. तोंडी हिशेबाचा वेग वाढवायचा तर आधी वाट बदलायला हवी. फासा आणि पत्त्यांचे खेळ त्यासाठीच कामाला येतात, मात्र कोणत्या पायरीवरच्या मुलाशी कोणता खेळ खेळायचा हे कळले पाहिजे.

भीती नेमकी कुठे अडते

गणिताच्या धास्तीचा अभ्यास मानसशास्त्रज्ञ बरीच वर्षे करत आहेत. ती मोजण्याची एक प्रश्नावली रिचर्डसन आणि स्विन या अमेरिकी संशोधकांनी 1972 साली तयार केली. पुढे 2001 मध्ये मार्क ॲशक्राफ्ट आणि एलिझाबेथ कर्क यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी काही अक्षरे लक्षात ठेवायची आणि त्याच वेळी बेरजा करायच्या. साध्या बेरजांमध्ये फारसे काही बिघडले नाही. हातच्याची बेरीज आली आणि सोबत अक्षरेही लक्षात ठेवायची असली की मात्र गणिताची धास्ती असलेल्यांच्या चुका इतरांपेक्षा खूपच वाढल्या.

याचे कारण समजायला सोपे आहे. तोंडी हिशेब करताना मधली आकडेमोड काही क्षण मनात धरून ठेवावी लागते आणि ही धरून ठेवण्याची जागा फार थोडी असते. ‘चुकलो तर?’ ही काळजी त्याच जागेत घुसते. मग हातचा ठेवायचा कुठे? म्हणजे धास्ती वाटणारे मूल एकाच वेळी दोन कामे करत असते, आणि बघणाऱ्याला त्यातले एकच दिसते.

यातून खेळाबद्दल दोन गोष्टी ठरतात. मुलावर रोखलेली नजर आणि घड्याळ, ही दोन्ही खेळात नकोत. आणि जो हिशेब आज मुलाची जागा अडवतो, तो इतका सरावाचा व्हायला हवा की त्याला जागाच लागू नये. पुढचे तीन खेळ याच क्रमाने आहेत.

पहिली पायरी : सापशिडी, पण जरा वेगळी

सापशिडी घरोघरी असते. बहुतेक मुले ती कशी खेळतात? सोंगटी 37 वर आहे, चारचे दान पडले, की ‘एक, दोन, तीन, चार’ म्हणत सोंगटी पुढे सरकते. मूल 41 वर पोचते, पण 37 आणि 4 मिळून 41 होतात हे त्याच्या मनाला शिवतही नाही. त्याने फक्त चारपर्यंत मोजले.

एलिडा लास्की आणि रॉबर्ट सीग्लर यांनी 2014 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नेमकी हीच गोष्ट तपासली होती. बालवाडीच्या वयाची मुले शंभर घरांचा पट खेळली. काहींनी दर खेळीला एकपासून मोजले, तर काहींनी ज्या घरांवरून सोंगटी गेली त्या घरांचे आकडे म्हटले. पट तोच, खेळही तोच. पण संख्यांची जाण वाढली ती दुसऱ्या गटातल्या मुलांची.

म्हणून नियम एवढाच बदलायचा : सोंगटी सरकवताना घराचा आकडा म्हणायचा. ‘अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस.’ सुरुवातीला मुले एकोणतीस, एकोणचाळीस, एकोणपन्नास या थांब्यांवर हमखास अडतात. अडू द्यावे. आकडा घरावर छापलेलाच असतो, तो वाचता येतो. ज्याला आकड्याचे नाव आठवत नाही त्याला तेवढे नाव सांगावे, सोंगटी मात्र त्यालाच हलवू द्यावी.

मघाशी ‘बारा’ म्हणणारे मूलही इथे ओळखू येते. ते उभ्या घरालाच ‘एक’ धरते आणि 37 वरून चारच्या दानाला 40 वर थांबते. कागदावरची जी चूक समजावताना आपली दमछाक होते, ती पटावर बोट ठेवून दाखवता येते : ‘या घरात तू आधीच आहेस ना? मग पहिली उडी कुठे पडली?’

छापील सापशिडीत एक अडचण असते. तिच्या ओळी नागमोडी जातात, एक डावीकडून तर पुढची उजवीकडून. त्यामुळे 7 च्या डोक्यावर 17 येत नाही, 14 येतो. सोंगटी चालवायला त्याने काही बिघडत नाही, पण ‘दहा वाढवले की काय होते’ हे त्या पटावर दिसत नाही. म्हणून एखाद्या पुठ्ठ्यावर दहा-दहाच्या दहा ओळी आखाव्यात, सगळ्या डावीकडून उजवीकडे, आणि 1 ते 100 आकडे खालून वर लिहावेत. आता 27 च्या बरोबर वर 37 असतो. साप आणि शिड्या मुलांनाच काढू द्याव्यात. या पटावर दोन फासे घेऊन खेळले आणि दहाचे दान पडले, की काही डावांनंतर मूल एकेक घर न मोजता सोंगटी सरळ वरच्या ओळीत ठेवते. ते दिसले की पुढच्या पायरीची वेळ झाली.

दुसरी पायरी : दहाची जोडी

पत्त्यांचा कॅट घ्या. राजे, राण्या, गुलाम आणि चारही दश्श्या बाजूला ठेवा. एक्का म्हणजे एक. हातात 36 पाने उरतात, एक्क्यापासून नव्वीपर्यंत प्रत्येकी चार. ती पिसून त्यांतली बारा पाने जमिनीवर उघडी मांडा आणि बाकीची गड्डी पालथी ठेवा. ज्याची पाळी असेल त्याने मांडलेल्या पानांतून अशी दोन पाने उचलायची की त्यांची बेरीज दहा होईल. उचललेल्या जागी गड्डीतली दोन पाने उघडायची. एकही जोडी नसेल तर आणखी एक पान उघडायचे. शेवटी ज्याच्याकडे जास्त जोड्या तो जिंकला.

या खेळात लक्षात ठेवायच्या जोड्या फक्त पाच आहेत : एक-नऊ, दोन-आठ, तीन-सात, चार-सहा आणि पाच-पाच. भित्र्या मुलाच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण पाढ्यांच्या पुस्तकासारखा डोंगर समोर नसतो. शिवाय मदत पानावरच छापलेली असते. सत्तीवर सात बदाम असतात. ज्याला मोजावेसे वाटेल त्याने मोजावेत. काही दिवसांत तोच मुलगा किंवा मुलगी बदाम न मोजता सत्ती दिसताच तिर्री शोधू लागते.

हा खेळ मला विशेष वाटतो तो त्याच्या शेवटामुळे. प्रत्येक आकड्याची चार पाने असल्याने सगळ्या जोड्या बरोबर लागल्या तर 36 पाने संपतात, एकही उरत नाही. समजा, शेवटी जमिनीवर दुर्री आणि सत्ती उरली. त्यांची बेरीज नऊ, म्हणजे जोडी होत नाही. याचा अर्थ खेळताना कुणीतरी चुकीची जोडी उचलली. कोणती? दुर्रीला हवी होती अठ्ठी आणि सत्तीला हवी होती तिर्री. म्हणजे कुणीतरी अठ्ठी आणि तिर्री एकत्र उचलून दहा धरले, खरे तर ते अकरा. मग सगळेच आपापल्या जोड्या उलगडून ती चुकलेली जोडी शोधतात. चूक झाली हे आई सांगत नाही, शिक्षक सांगत नाहीत. उरलेली पाने सांगतात. चूक म्हणजे फजिती असे ज्याच्या मनात बसले आहे, त्या मुलाला चूक म्हणजे शोधून काढायचे एक कोडे आहे हे इथे न सांगता कळते.

पाच जोड्या पक्क्या झाल्या की त्याच पानांचा दुसरा खेळ सुरू करता येतो. प्रत्येकाने दोन पाने उघडायची आणि बेरीज सांगायची. ज्याची बेरीज मोठी त्याने सगळी पाने घ्यायची. अठ्ठी आणि पंजी आली. आता ‘अठ्ठीची जोडीदार कोण?’ एवढाच प्रश्न विचारावा. दुर्री. मग पाचातले दोन काढले, तीन उरले, दहा आणि तीन तेरा. सुरुवातीच्या चौघांपैकी चौथ्या मुलाची वाट ती हीच. ज्याला दहाच्या जोड्या येत नाहीत त्याला ही वाट दाखवून उपयोग होत नाही, कारण पहिल्याच पावलाला त्याची जागा भरून जाते. म्हणून हा क्रम उलटा करू नये.

तिसरी पायरी : थांबायचे की टाकायचे?

तिसऱ्या खेळाला एकच फासा लागतो. इंग्रजीत त्याला ‘पिग’ म्हणतात. जॉन स्कार्न या अमेरिकी जाणकाराने 1945 मधल्या आपल्या फाशांवरच्या पुस्तकात त्याचे वर्णन केले आहे. नियम सोपे आहेत. आपल्या पाळीत फासा हवा तितक्या वेळा टाकायचा आणि पडलेली दाने मिळवत जायची. वाटेल तेव्हा ‘थांबलो’ म्हणून ते गुण आपल्या खात्यात जमा करायचे. मात्र एकचे दान पडले तर त्या पाळीतले सगळे गुण बुडाले आणि पाळी दुसऱ्याची. खात्यात आधी जमा केलेले गुण सुरक्षित राहतात. मोठी माणसे 100 पर्यंत खेळतात. मुलांसाठी 50 पुरेत.

समजा, आजी आणि चौथीतली नात खेळत आहेत. नातीच्या खात्यात 27 आहेत, आजीच्या 31. नातीने फासा टाकला : पाच. पुन्हा टाकला : चार, झाले नऊ. पुन्हा : सहा, झाले पंधरा. आता थांबावे का? तिने थांबायचे ठरवले. 27 मध्ये 15 मिळवायचे आहेत. इथे हातचा येतो, पण पंधरातले तीन देऊन 27 चे 30 करता येतात आणि उरलेले बारा मिळून 42. दहाच्या जोडीत सत्तीला तिर्री शोधलेली असल्यामुळे ते तीन तिला चटकन दिसतात. आजीला सहा आणि सहा पडले, बारा झाले. तिने मोह केला आणि एक पडला. आजी 31 वरच. आता नातीला 50 साठी आठ हवेत. तीन पडले, पुन्हा तीन पडले, अजून दोन हवेत. थांबली असती तर 48 झाले असते. तिने टाकला आणि एक पडला. ती 42 वरच. आजीला 19 हवे होते. चार, सहा, पाच आणि पाच पडून वीस झाले, 51 वर आजी जिंकली.

या एवढ्याशा डावात नातीने चालू बेरजा केल्या, हातच्याची बेरीज केली आणि ‘किती हवेत’ म्हणून दोनदा वजाबाकी केली. यातला एकही प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. थांबायचे की टाकायचे हे ठरवण्यासाठी तिलाच उत्तर हवे होते. शिवाय तिची बेरीज तपासायला आजी होतीच, पण ती शिक्षक म्हणून नव्हे, हरायचे नसलेली प्रतिस्पर्धी म्हणून.

थोड्या मोठ्या मुलांना या खेळात आणखी एक गंमत सांगता येते. थांबावे केव्हा? हाच प्रसंग सहा वेळा आला आणि सहाही दाने एकेकदा पडली असे धरू. दोन, तीन, चार, पाच, सहा मिळून 20 गुण वाढतील आणि एकदा हातातले सगळे जातील. म्हणजे या पाळीतले गुण 20 पेक्षा कमी असतील तर टाकण्यात फायदा, 20 पेक्षा जास्त असतील तर थांबण्यात. डाव संपत आला की हे गणित थोडे बदलते, पण एरवी 20 ही चांगली खूण आहे. सहावी-सातवीतली मुले ही खूण वापरून आणि न वापरता खेळून बघतात, आणि शक्यता या धड्याशी त्यांची ओळख तिथेच होते.

वेग, आणि चोवीसचा मोह

पत्त्यांच्या हिशेबी खेळांत सर्वांत गाजलेला खेळ म्हणजे चोवीस. चार पाने उघडायची आणि बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार वापरून 24 करायचे. 7, 3, 5 आणि 2 आले तर सात त्रिक एकवीस, पाचातून दोन गेले तीन, एकवीस आणि तीन चोवीस. चीनमध्ये हा खेळ साध्या पत्त्यांनी खेळतात. शांघायमध्ये जन्मलेल्या रॉबर्ट सन यांनी 1988 मध्ये तो अमेरिकेत खास कार्डांच्या रूपात आणला आणि तिथल्या शाळांमध्ये त्याच्या स्पर्धा होऊ लागल्या.

खेळ उत्तम आहे, पण गणिताला घाबरणाऱ्या मुलाला आधी हाच दिला तर घोटाळा होतो. ‘जो आधी ओरडेल तो जिंकला’ असा त्याचा रिवाज आहे. त्यात चपळ मूल प्रत्येक वेळी जिंकते आणि दुसरे मूल दोन-तीन डावांनंतर विचार करणेच सोडते. दुसरा ओरडेपर्यंत ते गप्प बसून राहते. चोवीस खेळायचाच असेल तर सगळ्यांनी मिळून, घड्याळ न लावता खेळावा आणि एकाच चार पानांतून किती वेगवेगळ्या वाटा निघतात ते शोधावे. प्रत्येक चौकडीतून 24 होतेच असे नाही. चार एक्के आले तर कुणालाच जमणार नाही, हेही मुलांना एकदा कळू द्यावे.

खेळ बिघडवणारी आणखी एक व्यक्ती घरातच असते : उत्तर आधीच ओरडून टाकणारा मोठा भाऊ, बहीण किंवा वडील. ज्याची पाळी त्याचेच उत्तर, हा नियम सगळ्या खेळांना लावावा. मुलाला वेळ लागत असेल तर आपण आपली पाने नीट लावत बसावे. वेग वाढतो आहे का हे बघायचेच असेल तर ओठ आणि बोटे बघावीत. ती थांबली की वाट बदलली असे समजावे.

खेळ पुरत नाही

पत्ते खेळले की गणित आपोआप येईल, असे मात्र नाही. याचा एक ठोस पुरावा आपल्याच देशातला आहे. मोइरा डिलन, एलिझाबेथ स्पेल्की, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीतल्या ‘प्रथम’च्या बालवाड्यांमध्ये दीड हजाराहून अधिक मुलांचा अभ्यास केला. तो 2017 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. ठिपक्यांचे आणि आकारांचे गणिती खेळ मुले काही महिने खेळली. संख्या आणि आकार यांची त्यांची उपजत जाण वाढली आणि ती वर्षभरानंतरही टिकून होती. पण शाळेत गेल्यावर तिथल्या लेखी गणितात ही मुले इतरांच्या पुढे गेलेली दिसली नाहीत. खेळातले ठिपके आणि पाटीवरचे अंक यांची गाठ आपोआप पडली नव्हती.

ही गाठ आपल्याला बांधावी लागते, आणि त्याला फार काही लागत नाही. गुणांचा कागद मोठ्यांनी सांभाळू नये, तो मुलाकडे द्यावा. ‘पिग’मध्ये नातीने 27 + 15 = 42 असे स्वतः लिहिले, की मनात झालेला हिशेब आणि वहीतले गणित एकच आहे हे तिच्या डोळ्यांसमोर येते. दहाच्या जोडीत डाव संपल्यावर आपल्या जोड्या 8 + 2, 7 + 3 अशा लिहून काढाव्यात. त्या कागदावर बरोबर-चूक अशा खुणा करू नयेत. तो खेळाचा कागद आहे, परीक्षेचा नाही.

‘पत्ते म्हणजे जुगार’ असे वाटणाऱ्या घरांसाठी एवढेच : पैसे नकोत, चिंचोके चालतील. गृहपाठाच्या वेळी खेळ काढू नये, आणि ‘आधी गणित कर, मग खेळू’ अशी लाचही देऊ नये. पंधरा-वीस मिनिटे झाली आणि मूल अजून एक डाव मागत असले, तरी तिथेच थांबावे. आज रात्री जेवणानंतर कॅट काढा, चित्रांची पाने आणि दश्श्या वेगळ्या करा, दहाच्या जोडीचा एक डाव मांडा आणि गुण लिहायची पेन्सिल मुलाच्या हातात द्या.